जर्मनीत नर्स म्हणून जायचंय? अर्ज करण्याआधी एजन्सीला पदवी आणि अनुभवाबद्दल नेमकं काय विचारायचं

"आमच्याकडून गेलेल्या सगळ्या सिस्टरांचं रेकग्निशन झालंय, तुम्ही फक्त जर्मन भाषेची बी-टू पातळी करा, बाकी आमच्यावर सोडा." जर्मनीसाठी नर्स भरती करणाऱ्या एजन्सीच्या पहिल्या फोनवर हे वाक्य हमखास कानावर पडतं. ते खोटं असेलच असं नाही, पण त्यावरून तुमच्या बाबतीत काहीही ठरत नाही. तुमचं शिक्षण जीएनएम की बीएस्सी, कामाची वर्षं किती आणि कुठल्या वॉर्डात, तुमचा अर्ज जर्मनीच्या कुठल्या राज्यात जाणार, यावर उत्तर बदलतं. माझ्याकडे जर्मन शिकायला येणाऱ्या नर्सेस एजन्सीला पगार विचारतात, व्हिसा विचारतात, राहायची सोय विचारतात. शिक्षण कसं मोजलं जाईल हा प्रश्न मात्र बहुतेकजणी तिकडे पोचल्यावर विचारतात, आणि तोवर करारावर सही झालेली असते.

इथे फक्त नर्सिंग आणि फक्त जर्मनी घेतलं आहे. प्रत्येक देशाची रीत वेगळी, आणि जर्मनीतही इंजिनिअरची वाट नर्सच्या वाटेपेक्षा वेगळी आहे. शिवाय महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा सामंजस्य करार केल्यापासून लातूरपासून सिंधुदुर्गापर्यंत नर्सेसना असे फोन येऊ लागले आहेत.

मोजमाप एजन्सी करत नाही

जर्मनीत नर्सिंग हा कायद्याने नियंत्रित व्यवसाय आहे. 'प्फ्लेगेफाखफ्राउ' (पुरुष असेल तर 'प्फ्लेगेफाखमान') हे पदनाम सरकारी परवान्याशिवाय कुणालाच लावता येत नाही. तो परवाना द्यायचा की नाही हे ज्या राज्यात नोकरी आहे त्या राज्याचं कार्यालय ठरवतं. बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये हे काम श्टुटगार्टच्या 'रेगीरुंग्सप्रेझिडिउम'कडे आहे. हॉस्पिटल ठरवत नाही, एजन्सी ठरवत नाही, आपला दूतावासही ठरवत नाही.

हे कार्यालय तुमचा अभ्यासक्रम जर्मन प्रशिक्षणाशेजारी ठेवून बघतं. 1 जानेवारी 2020 पासून तिथे नवा नर्सिंग कायदा लागू आहे. त्यानुसार तीन वर्षांच्या प्रशिक्षणात 2,100 तास वर्गातलं शिक्षण आणि 2,500 तास प्रत्यक्ष काम असतं. त्या प्रत्यक्ष कामात रुग्णालय तर आहेच, पण वृद्धाश्रमातली दीर्घकाळची शुश्रूषा, घरी जाऊन केलेली सेवा, बालरोग आणि मानसोपचार हेही येतं. तुमच्या कागदांवर यातलं जे दिसत नाही, ते 'कमतरता' म्हणून लिहिलं जातं. हा निर्णय पत्राने येतो. त्या पत्राला 'डेफिझिटबेशाइड' म्हणतात. भारतातून गेलेल्या नर्सला पहिल्या फटक्यात पूर्ण मान्यता क्वचित मिळते, बहुतेकींच्या हातात हेच पत्र पडतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पुढचा सगळा रस्ता त्या पत्रात लिहिलेला असतो आणि व्हिसाही सहसा त्याच्या आधारावर निघतो.

म्हणून "माझी डिग्री चालेल का?" हा प्रश्न एजन्सीला विचारण्यात अर्थ नाही. "हो" म्हणायला तिला काही पडत नाही. विचारायचं ते असं, की उत्तर द्यायला तिला खरी माहिती लागेल.

फोन करण्याआधी आपली फाईल स्वतः वाचा

एजन्सीला प्रश्न विचारण्याआधी एक संध्याकाळ घालवून स्वतःचे कागद कार्यालयाच्या नजरेने बघून घ्या. बीएस्सी नर्सिंग असो वा जीएनएम (सध्या तीन वर्षं, जुन्या अभ्यासक्रमात साडेतीन), तिकडे दोन्ही एकाच जर्मन व्यवसायाशी ताडले जातात. बीएस्सीला चार वर्षं लागली म्हणून ती आपोआप वरचढ ठरत नाही. पोस्ट बेसिक बीएस्सी असेल तर मुळातल्या जीएनएमचे सगळे कागदही लागतात, कारण पायाचं प्रशिक्षण तिथेच झालेलं असतं. एएनएमला नर्स म्हणून पूर्ण मान्यता मिळवून देतो असं कुणी छातीठोक सांगत असेल, तर तिथेच थांबा.

खरा अडथळा पदवीचा नसतो, तासांचा असतो. विद्यापीठाच्या मार्कशीटवर विषय आणि गुण असतात, तास नसतात. जर्मन कार्यालयाला मात्र विषयवार थिअरी किती तास आणि कुठल्या वॉर्डात क्लिनिकल पोस्टिंग किती तास, हे हवं असतं. हा तपशील कॉलेजच्या ट्रान्स्क्रिप्टवर येतो, तोही तुम्ही मागितला तरच. कॉलेज बऱ्याचदा आपल्या ठरलेल्या नमुन्यात ट्रान्स्क्रिप्ट देतं आणि त्यात "कम्युनिटी हेल्थ नर्सिंग" एवढीच ओळ असते. त्या पोस्टिंगमध्ये तुम्ही घरोघरी जाऊन किती तास काम केलं हे वेगळं लिहून मिळालं, तर जर्मन रकान्यातली 'घरी जाऊन सेवा' निदान अंशतः भरते. वृद्धांच्या शुश्रूषेचंही तसंच. मेडिकल-सर्जिकलच्या पोटात ती शिकवलेली असते, पण स्वतंत्र ओळ नसली तर बघणाऱ्याला दिसत नाही. कॉलेजात प्राचार्यांना भेटून अशी फोड करून मागा. आपल्या मनाने तास फुगवून घेऊ नका, त्याच कॉलेजच्या दुसऱ्या नर्सची फाईल तिथे आधीच पोचलेली असू शकते.

त्याच संध्याकाळी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन चालू आहे का तेही बघून घ्या. नूतनीकरण राहिलं असेल तर अर्ज तिथेच अडकतो.

अनुभव दोन ठिकाणी मोजला जातो

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून जरा थांबून बघू. "माझा सहा वर्षांचा अनुभव धरतील का?" या एका प्रश्नात दोन वेगळे प्रश्न लपलेले असतात आणि त्यांची उत्तरं दोन वेगळी माणसं देतात.

पहिलं मोजमाप राज्याच्या कार्यालयाचं. शिक्षणात जी कमतरता निघाली ती नोकरीतल्या अनुभवाने भरून निघते का, हे बघणं त्याला कायद्याने बंधनकारक आहे. पण अनुभव त्या कमतरतेशी जुळणारा हवा. मानसोपचाराचे तास कमी पडले आणि तुम्ही सहा वर्षं आयसीयूत काढली, तर आयसीयूचा अनुभव कितीही भारी असला तरी तो खड्डा त्याने बुजत नाही.

दुसरं मोजमाप नोकरी देणाऱ्याचं, ते पगारासाठी. सार्वजनिक रुग्णालयांच्या वेतनकरारात गट असतो आणि गटात पायऱ्या असतात. पुण्यातली तुमची वर्षं कुठल्या पायरीत धरायची हे रुग्णालय ठरवतं. मान्यता देणाऱ्या कार्यालयाचा त्याच्याशी संबंध नसतो. त्यामुळे एजन्सी "अनुभव धरतात" म्हणाली की लगेच विचारा: कोण धरतं, आणि कशासाठी?

आता एक बाब जी एजन्सी आपणहून सहसा सांगत नाही. 2024 पासून कायद्याने अशी सवलत दिली आहे की, अर्जदार तुलनेवर पाणी सोडून थेट परीक्षेला किंवा प्रशिक्षणाला जाऊ शकते. तास मोजणं नाही, अभ्यासक्रमाचं भाषांतर नाही, निर्णयही लवकर. एजन्सीला हे सोयीचं असतं आणि बऱ्याच नर्सेसनाही ते बरं पडतं. पण तुलनाच झाली नाही तर अनुभवही तोलला जात नाही. नुकतीच पास झालेली मुलगी असेल तर तिचं त्यात फारसं काही जात नाही. पण जिच्याकडे वृद्धाश्रमातला, मानसोपचार वॉर्डातला किंवा घरी जाऊन केलेल्या सेवेचा दांडगा अनुभव आहे आणि ज्यामुळे तिचा पुढचा अभ्यासक्रम आखूड होऊ शकतो, तिने ही सही डोळे मिटून करू नये. अर्जाच्या गठ्ठ्यात हा कागद आहे का, हे आधीच विचारा.

प्रश्न लेखी विचारा, आणि असे विचारा

फोनवरच्या बोलण्याला मान द्या, पण भरवसा मेलवर ठेवा. फोन झाला की त्याच दिवशी मेल पाठवा: "आज बोलल्याप्रमाणे पुढील गोष्टी लेखी कळवाव्यात." मेल इंग्रजीत लिहा, जर्मन येत असेल तर जर्मनमध्ये. पहिल्या परिच्छेदात आपली माहिती चार ओळींत द्या: शिक्षण, कॉलेज, पास झाल्याचं वर्ष, रजिस्ट्रेशन, अनुभवाची वर्षं वॉर्डनिहाय, जर्मनची पातळी. पासपोर्टची किंवा मूळ प्रमाणपत्रांची स्कॅन प्रत पहिल्या मेलला जोडू नका. ज्याची नोंदणी तपासली नाही त्याच्या हाती ती पडायला नको.

मग प्रश्न. मी सहसा हे सात लिहायला सांगते:

1. नोकरी कुठल्या राज्यात आणि कुठल्या संस्थेत आहे? मान्यतेचा अर्ज कुठल्या कार्यालयाकडे जाईल?
2. माझ्यासारखं शिक्षण (जीएनएम / बीएस्सी, महाराष्ट्र) असलेल्या नर्सला त्याच कार्यालयाकडून आलेलं निर्णयपत्र नाव-पत्ता झाकून दाखवता येईल का?
3. तुम्ही तुलनेचा अर्ज करणार की तुलनेवर पाणी सोडण्याचा? ते कोण ठरवणार?
4. कमतरता निघाल्यास परीक्षा की प्रशिक्षण? दोन्हींची सोय त्या संस्थेत आहे का, आणि खर्च कोण करणार?
5. मान्यता मिळेपर्यंत मी कुठल्या पदावर, कुठल्या वेतनगटात काम करीन? मान्यता मिळाल्यावर कुठल्या, आणि तो बदल कुठल्या तारखेपासून?
6. माझा भारतातला अनुभव पगाराच्या पायरीत धरला जाईल का? किती वर्षं, आणि त्यासाठी कुठलं प्रमाणपत्र लागेल?
7. परीक्षेत नापास झाले तर करार आणि परतफेडीच्या अटी काय?

दुसरा प्रश्न कळीचा आहे. ज्या एजन्सीने खरोखर माणसं पाठवली आहेत तिच्याकडे अशी पत्रं असतात. नाव झाकून एक पान पाठवणं पाच मिनिटांचं काम. "गोपनीय आहे" असं उत्तर आलं तर नाव झाकायला सांगितलंच आहे याची आठवण करून द्या. तरीही टाळाटाळ झाली, तर बहुधा त्यांच्याकडे पत्रच नाही.

चौथ्या प्रश्नामागचं गणित असं. कमतरता भरून काढायचे दोन मार्ग आहेत. एक 'केन्टनिसप्र्यूफुंग', म्हणजे ज्ञानपरीक्षा. त्यात तोंडी भाग असतो आणि प्रत्यक्ष रुग्णांसोबतचा भाग असतो, आणि नापास झाल्यास एकदा परत देता येते. दुसरा 'आनपासुंग्सलेअरगांग', म्हणजे जुळवून घेण्याचं प्रशिक्षण. ते जास्तीत जास्त तीन वर्षांचं असू शकतं आणि शेवटी त्याचीही परीक्षा असते, पण त्याची लांबी तुमच्या कमतरतेवर ठरते. या दोन्हींतून निवडण्याचा हक्क कायद्याने अर्जदाराचा आहे, एजन्सीचा नाही. "आमच्याकडे परीक्षाच असते" असं म्हणाले, तर त्याचा अर्थ एवढाच की त्या रुग्णालयात प्रशिक्षणाची सोय नाही. मग सोय असलेलं दुसरं रुग्णालय मागायचं की परीक्षाच द्यायची, हे तुम्ही ठरवा.

मुदतही लक्षात ठेवा. मान्यतेच्या प्रक्रियेसाठीचा निवासपरवाना सुरुवातीला 24 महिन्यांपर्यंतचा मिळतो आणि वाढवून एकूण 36 महिन्यांपर्यंत जातो. परीक्षा, पुनर्परीक्षा आणि बी-टू हे सगळं याच खिडकीत बसवायचं असतं. परवान्यासाठी बी-टू सर्वत्र लागते. बहुतेकजणी बी-वन करून निघतात आणि बी-टू तिकडे करतात. त्या वर्गाची वेळ ड्युटीत धरणार का, हेही विचारून ठेवा. रात्रपाळी करून सकाळी वर्गात बसणं किती जमेल, हे नर्सला मी वेगळं सांगायला नको.

एक उदाहरण, कागदासकट

समजा, लातूरची एक सिस्टर आहे. 2017 साली जीएनएम, त्यानंतर दोन वर्षं तिथल्याच एका खासगी रुग्णालयात जनरल वॉर्ड, मग पुण्यात चार वर्षं आयसीयू. जर्मन बी-वन चालू आहे. एजन्सीने श्टुटगार्टजवळच्या एका वृद्धसेवा केंद्रात जागा आहे असं कळवलं आणि सांगितलं, "सहा वर्षांचा अनुभव आहे, काही प्रॉब्लेम नाही."

तिच्या पुण्याच्या रुग्णालयाने दिलेलं अनुभवपत्र असं होतं: "सदर कर्मचारी आमच्या रुग्णालयात अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत स्टाफ नर्स म्हणून कार्यरत होत्या. त्यांची वर्तणूक चांगली होती." जर्मन कार्यालयाच्या दृष्टीने या पत्रातून काहीच हाती लागत नाही. पूर्णवेळ की अर्धवेळ, आठवड्याला किती तास, कुठला विभाग, कुठली कामं, यातलं त्यात काहीच नाही. वर्तणूक चांगली होती हे वाचून कुणी तास देत नाही.

तेच पत्र कसं हवं? "आठवड्याला 48 तास, पूर्णवेळ, 14 खाटांचा वैद्यकीय अतिदक्षता विभाग. रुग्णांपैकी बहुतांश साठीपुढचे. कामं: शुश्रूषेची गरज ठरवून आराखडा करणं व नोंद ठेवणं, व्हेंटिलेटरवरील रुग्णांची देखभाल, शय्याव्रण टाळण्यासाठी स्थितीबदल, नळीद्वारे आहार, डिस्चार्जच्या वेळी नातेवाइकांना घरच्या काळजीचं मार्गदर्शन. नवीन नर्सेसना प्रशिक्षण." खाली नर्सिंग सुपरिंटेंडंटची सही, शिक्का, फोन. यात खोटं एक अक्षर नाही. पण आता वृद्धांची शुश्रूषा दिसते आणि शुश्रूषेची गरज ठरवणं, आराखडा करणं हेही दिसतं. जर्मन कायद्यात ही शेवटची कामं फक्त परवानाधारक नर्ससाठी राखीव आहेत, म्हणून त्यांचा उल्लेख महत्त्वाचा.

या सिस्टरने वरचे सात प्रश्न पाठवले असते, तर प्रामाणिक उत्तर साधारण असं आलं असतं: अर्ज श्टुटगार्टला जाईल. जीएनएमच्या आधीच्या पत्रांत दीर्घकालीन वृद्धसेवा, घरी जाऊन सेवा आणि मानसोपचार यांत कमतरता निघाली आहे. आयसीयूच्या अनुभवाने त्यातला काही भागच भरेल, म्हणून परीक्षेची तयारी करून घेऊ. मान्यता मिळेपर्यंत शुश्रूषा-सहाय्यक म्हणून काम.

इथेच पगाराचा आकडा काढून बघा. वृद्धसेवा क्षेत्रात जर्मनीत किमान वेतन तीन पातळ्यांवर ठरलेलं आहे. 1 जुलै 2025 पासून अप्रशिक्षित सहाय्यकाला तासाला 16.10 युरो, किमान वर्षभराचं प्रशिक्षण असलेल्या सहाय्यकाला 17.35 युरो आणि परवानाधारक नर्सला 20.50 युरो. हे दर पुढे वाढत जातात, तेव्हा सही करताना चालू दर बघा. आठवड्याला 39 तास धरले तर महिन्याला सुमारे 169 तास होतात. पहिल्या आणि तिसऱ्या दरातला फरक महिन्याला 740 युरोंच्या वर जातो. पहिल्या आणि दुसऱ्यातला 210 युरोंच्या. तीन वर्षांचं जीएनएम हातात असताना मान्यता येईपर्यंत तुम्हाला अप्रशिक्षित धरायचं की प्रशिक्षित सहाय्यक, हा पाचव्या प्रश्नाचा मुद्दा आहे. आकडे करापूर्वीचे आहेत, किमान आहेत, आणि ते वृद्धसेवा केंद्रांना लागू होतात. रुग्णालयाचा वेतनकरार वेगळा असतो, तिथे गट आणि पायरी नावानिशी विचारा.

मान्यता सहा महिन्यांनी मिळाली की अठरा महिन्यांनी, यावर या फरकाची बेरीज काही हजार युरोंनी बदलते. म्हणून "कागद पूर्ण झाल्यावर निर्णयाला किती वेळ लागतो" हेही मेलमध्ये जोडा. साधारण तीन ते चार महिने हे सरकारी उत्तर, पण घड्याळ 'पूर्ण कागद' पोचल्यावर सुरू होतं. नोकरी देणारा 411 युरो भरून जलद प्रक्रिया घेऊ शकतो, त्यात मान्यतेचा निर्णय दोन महिन्यांत अपेक्षित असतो. तो घेणार आहे का, विचारा.

आलेलं उत्तर कसं वाचायचं

चांगलं उत्तर रंगीत नसतं. त्यात राज्याचं नाव असतं, कार्यालयाचं नाव असतं, "कमतरता निघेल, बहुधा या विषयांत" असं कबूल केलेलं असतं आणि "पूर्ण मान्यतेची हमी आम्ही देऊ शकत नाही" असंही लिहिलेलं असतं. हमी देणाऱ्यापेक्षा हमी नाकारणाऱ्यावर मी जास्त विश्वास ठेवते.

एक ठरलेलं उत्तर मात्र ओळखून ठेवा: "तुमचं विद्यापीठ anabin मध्ये H+ आहे, म्हणजे झालं." anabin हा परदेशी विद्यापीठांचा आणि पदव्यांचा जर्मन माहितीसंच आहे. आयटीवाल्याला त्याचा उपयोग होतो. नर्सच्या परवान्याचा निर्णय त्यावर होत नाही. हे वाक्य नर्सला सांगणाऱ्या माणसाने एकतर नर्सिंगचं काम केलेलं नाही, किंवा समोरचीला काही कळत नाही असं धरलं आहे.

दुसरी खूण अपोस्टीलची. काही एजंट सगळ्या प्रमाणपत्रांवर अपोस्टील करून आणायला सांगतात आणि त्याचे पैसेही घेतात. भारत अपोस्टील कराराचा सदस्य झाला तेव्हा जर्मनीने त्याला हरकत घेतली होती, त्यामुळे दोन देशांत तो शिक्का आपोआप चालत नाही. म्हणून विचारा: हे त्या कार्यालयाच्या कागदपत्रांच्या यादीत आहे का? असेल तर ती यादी पाठवा.

तुम्ही स्वतःही पडताळा करू शकता. anerkennung-in-deutschland.de या सरकारी संकेतस्थळावर इंग्रजीतही माहिती आहे. तिथल्या शोधात व्यवसाय आणि नोकरीचं गाव टाकलं की जबाबदार कार्यालयाचा पत्ता आणि कागदपत्रांची माहिती मिळते. एजन्सीने सांगितलेलं कार्यालय आणि इथे आलेलं कार्यालय जुळलं पाहिजे. जुळत नसेल तर नोकरी कुठे आहे हेच एजन्सीला अजून ठाऊक नाही.

पैसे आणि मुखत्यारपत्र

भारतातून परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटला 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी लागते. नोंदणीकृत एजंटांची यादी emigrate.gov.in वर बघता येते. उमेदवाराकडून त्याला सेवाशुल्क म्हणून कमाल 30,000 रुपये अधिक जीएसटी, म्हणजे 18 टक्क्यांनी 35,400 रुपये घेता येतात. "रेकग्निशन फी" म्हणून वेगळे लाख-दीड लाख मागितले तर पावती आणि फोड मागा: कार्यालयाची फी किती, भाषांतराचे किती, एजंटचे किती. नर्स भरतीसाठी जर्मन सरकारचं एक गुणवत्ता चिन्हही आहे. ते घेतलेल्या संस्थांनी नर्सकडून भरतीचे पैसे घ्यायचे नसतात, खर्च नोकरी देणाऱ्याने करायचा असतो. "तुमच्याकडे, किंवा तुमच्या जर्मन भागीदाराकडे ते चिन्ह आहे का?" हाही प्रश्न मेलमध्ये बसतो. केरळमधून सरकारी 'ट्रिपल विन' कार्यक्रमात जाणाऱ्या नर्सेसकडूनही भरतीचे पैसे घेतले जात नाहीत, तेव्हा "पैसे सगळीकडेच लागतात" हे ऐकून घेऊ नका.

सगळं पटलं आणि अर्ज करायचं ठरलं, की एजन्सी एक मुखत्यारपत्र सही करायला देते. त्यावरून ती तुमच्या वतीने अर्ज करते आणि कार्यालयाची पत्रं तिच्याकडे जातात. हे नेहमीचंच आहे, त्याशिवाय एजन्सीला तुमच्या वतीने काम करता येत नाही. पण सही करताना तीन गोष्टी त्यातच लिहून घ्या: अर्जाची संपूर्ण प्रत तुम्हाला मिळेल, कार्यालयाने दिलेला फाईल क्रमांक मिळेल, आणि निर्णयपत्र आल्यापासून तीन दिवसांत त्याचं स्कॅन तुमच्याकडे येईल. दुसऱ्या राज्यात आधी अर्ज केला होता का, हे अर्जात विचारलेलं असतं. आणखी एखाद्या एजन्सीने तुमच्या नावाने फाईल टाकली असेल तर तेही आत्ताच सांगा.

निर्णयपत्राच्या शेवटच्या पानावर हरकत कुठे आणि किती दिवसांत घ्यायची ते छापलेलं असतं. ही मुदत सहसा एक महिन्याची असते आणि मुखत्यारपत्र असेल तर ती एजन्सीच्या हातात पत्र पडल्यापासून मोजली जाते. तुमचं तपशीलवार अनुभवपत्र जोडलं गेलं नाही किंवा घरी जाऊन केलेल्या सेवेचे तास नजरेतून सुटले, हे त्या महिन्यात दाखवून देता येतं. ते पत्र आल्याचं तुम्हाला पाच आठवड्यांनी कळलं, तर मग परीक्षेचीच तारीख घ्यावी लागते.